निर्देशांक शिखरावर, माझं खातं लाल

वाचकाचं पत्र: "अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. धंद्यातून उरलेले पैसे काही वर्षं शेअरमध्ये टाकत आलो, बहुतेक मिडकॅप आणि स्मॉलकॅपमध्ये. टीव्हीवर निफ्टीचा उच्चांक दाखवतात आणि माझं खातं मात्र लाल. मेहुणे म्हणतात, चार-पाच मोठ्या शेअरच्या जोरावरची ही तेजी पोकळ आहे, सगळं विकून मोकळे व्हा. मुलगा म्हणतो, पडलेलं विकून तेच मोठे शेअर घेऊ. पुढच्या वर्षी एक रॅपियर माग घ्यायचाय, त्याचेही पैसे यातच आहेत. कुणाचं ऐकू?" — एक कारखानदार, सोलापूर

नमस्कार. कोणता शेअर घ्या किंवा विका, हे मी सांगणार नाही. त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार लागतो. पण मेहुणे आणि मुलगा एकाच चार्टकडे बघून उलट्या दिशांना का पळताहेत, हे आपण नीट पाहू. मग निर्णय तुम्हालाच सुचेल असं वाटतं.

आधी तो चार्ट काय मोजतो ते बघा. तुमच्या शेडमध्ये चार रॅपियर आणि वीस साधे माग आहेत असं धरा. रॅपियर जोरात चालले तर महिन्याचे एकूण मीटर वाढलेले दिसतील, मग साध्या मागांपैकी दहा बंद का असेनात. मीटरचा आकडा खोटा नसतो. किती माग चालू आहेत, एवढंच तो सांगत नाही.

निफ्टी ५० तसाच आहे. त्यात प्रत्येक कंपनीचं वजन तिच्या बाजारातल्या खुल्या शेअरच्या किमतीवर ठरतं, म्हणजे प्रवर्तकांकडचे शेअर वगळून. त्यामुळे पन्नासपैकी वरच्या दहा कंपन्यांकडेच निम्म्याहून जास्त वजन असतं. आता एक काल्पनिक दिवस घेऊ. वरच्या पाच कंपन्यांचं मिळून वजन ३६ टक्के आहे आणि त्या ३ टक्के वाढल्या. बाकीच्या ४५ कंपन्या प्रत्येकी १ टक्का पडल्या. पाच जणांनी निर्देशांकाला १.०८ टक्के दिले, पंचेचाळीस जणांनी ०.६४ टक्के काढून घेतले. निफ्टी ०.४४ टक्के वर. निर्देशांक २५,००० वर असेल तर ११० अंकांची वाढ, आणि संध्याकाळी टीव्हीवर हिरवा बाण. प्रत्यक्षात पन्नासपैकी पंचेचाळीस शेअर पडलेले.

हाच दिवस निफ्टी ५० इक्वल वेट या निर्देशांकात मोजा. कंपन्या त्याच पन्नास, पण तिमाही फेरबदलाच्या वेळी प्रत्येकीला २ टक्के समान वजन दिलेलं. पाच जणांकडून ०.३० टक्के आले, पंचेचाळीस जणांनी ०.९० टक्के नेले. हा निर्देशांक ०.६० टक्के खाली. एकाच दिवसाचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

वजनाचा हा खेळ खाली येतानाही चालतो. १७ जानेवारी २०२४ ला निकालानंतर एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला. निफ्टी त्या दिवशी ४६० अंकांनी घसरून २१,५७२ च्या आसपास बंद झाला. बँकेचं वजन तेव्हा साधारण १३ टक्के होतं. गुणाकार केला तर २४० च्या आसपास अंक, म्हणजे निम्मी पडझड एकाच शेअरची निघते. मेहुण्यांना विचारा, त्या दिवशी बाजार "पोकळ" होता का? मोठे शेअर पडून निर्देशांक घसरतो तेव्हा सहसा कुणी असं म्हणत नाही.

तरीही मेहुण्यांनी जे बघितलंय ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या स्थिती एकत्र झाल्यात. पहिलीत मोठे शेअर पुढे पळतात आणि बाकीचे जागच्या जागी रेंगाळतात. दुसरीत मोठे शेअर पुढे पळतात आणि बाकीचे खाली जातात. निर्देशांकाच्या चार्टवर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. पहिली अनेकदा निरुपद्रवी असते, कारण रेंगाळलेले शेअर पुढे धावायला लागले की तेजी पसरते. अमेरिकेत २०२३ मध्ये तसंच झालं. वर्षाचा बराच काळ सात मोठ्या टेक कंपन्यांनीच बाजार ओढला, तेव्हाही "पोकळ" असंच म्हटलं जात होतं, आणि शेवटच्या दोन महिन्यांत छोट्या कंपन्याही जोरात वर आल्या. दुसऱ्या स्थितीत मात्र खरोखर काहीतरी बिघडलेलं असतं.

या दोन्ही ओळखायला मी सगळ्यात आधी ५२ आठवड्यांच्या नव्या नीचांकांची यादी बघतो. एनएसईच्या संकेतस्थळावर रोज नवे उच्चांक आणि नवे नीचांक गाठणाऱ्या शेअरची यादी असते. निफ्टी शिखराजवळ असताना नीचांकांची यादी छोटी असेल, तर बाकीचे नुसते दमलेले आहेत. निफ्टी शिखरावर असतानाच ती आठवड्यागणिक लांबत असेल आणि उच्चांकांच्या यादीपेक्षा मोठी होत असेल, तर पैसा बाकीच्या शेअरमधून निघून मोठ्या शेअरच्या आडोशाला चाललाय. फक्त त्या यादीत दिवसाला दोन-चार हजार शेअरचेच व्यवहार होणाऱ्या कंपन्याही असतात. त्या वगळून निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांपुरतीच बघा, नाहीतर उगाच घाबरायला होईल.

दुसरं मोजमाप म्हणजे आपल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर किती शेअर आहेत. त्यामागचा प्रश्न साधा: गेल्या साधारण दहा महिन्यांत ज्यांनी ज्यांनी हा शेअर घेतला, ते आज सरासरीने नफ्यात आहेत का? माझा ढोबळ ठोकताळा असा की निर्देशांक शिखराजवळ असताना पाचशेपैकी ६० टक्क्यांहून जास्त शेअर सरासरीच्या वर असतील तर काळजी नको, आणि ४० टक्क्यांच्या खाली असतील तर दुखणं खरं आहे. मधल्या पट्ट्यात पातळीपेक्षा दिशा बघावी. काही संकेतस्थळं हा आकडा आयता देतात. तुमच्या मुलाला गूगल शीट येत असेल तर तुमच्याच खात्यातल्या शेअरसाठी तो काढून देईल. उदाहरणादाखल एका शेअरची सरासरी अशी निघते:

```
=AVERAGE(INDEX(GOOGLEFINANCE("NSE:RELIANCE","price",TODAY()-290,TODAY()),0,2))
```

कॅलेंडरचे २९० दिवस म्हणजे बाजाराचे अंदाजे २००. यात एक खाच आहे. बोनस किंवा स्प्लिट झालेल्या शेअरच्या जुन्या किमती कधी कधी दुरुस्त झालेल्या नसतात. मग एकास एक बोनस दिलेला चांगला शेअर अचानक सरासरीच्या निम्म्यावर दिसतो. असा विचित्र आकडा आला तर आधी कंपनीच्या घोषणा तपासा.

तिसरं म्हणजे भागाकाराची रेघ. इक्वल वेटचा बंद भाव भागिले निफ्टीचा बंद भाव, आठवड्यातून एकदा. दोन्हींचा जुना डेटा एनएसई इंडायसेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. रेघ वर जात असेल तर सामान्य शेअर मोठ्यांपेक्षा सरस चाललेत, खाली येत असेल तर उलट. चार्ट आवडणाऱ्यांना ही रेघ फार भावते, पण तिच्यावर माझा भरवसा सगळ्यात कमी. निफ्टीत बँका आणि वित्त कंपन्यांचं वजन साधारण एक तृतीयांश आहे. इक्वल वेटमध्ये ते बरंच कमी होतं. त्यामुळे नुसत्या बँका चांगल्या चालल्या तरी ही रेघ खाली येते आणि बाजार आजारी असल्याचा भास होतो. शिवाय दोन्हीकडे त्याच पन्नास बलाढ्य कंपन्या आहेत. तुमच्या खात्यातल्या स्मॉलकॅपबद्दल ती काहीच सांगत नाही. तुमच्यासाठी निफ्टी स्मॉलकॅप २५० किंवा मिडकॅप १५० ला निफ्टीने भागणं जास्त उपयोगाचं.

आता २०१८ कडे या. तुमच्यासारख्या खात्यांचं तेव्हा नेमकं काय झालं ते त्यात दिसतं.

मिडकॅप आणि स्मॉलकॅप निर्देशांकांनी जानेवारी २०१८ मध्ये शिखर गाठलं. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर कर आला. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांच्या वर्गवारीचे नियम घट्ट केले होते. लार्जकॅप म्हणवणाऱ्या फंडाला खरोखर मोठ्याच कंपन्यांत पैसे ठेवणं भाग पडलं, आणि बऱ्याच फंडांना छोटे शेअर कमी करावे लागले. मार्चअखेरीस निफ्टी १०,१०० च्या जवळ होता. तिथून तो चढत गेला आणि २८ ऑगस्टला ११,७३८ वर बंद झाला, पाच महिन्यांत सुमारे १६ टक्के. रिलायन्स आणि टीसीएससारखे वजनदार शेअर पुढे होते. स्मॉलकॅप निर्देशांक मात्र त्या दिवशीही जानेवारीच्या शिखरापासून बराच खाली होता. म्हणजे दुसरी स्थिती. सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने देणी थकवली, वित्त कंपन्यांना पैसा मिळेना, आणि २६ ऑक्टोबरला निफ्टी १०,०३० पर्यंत आला.

इथवर मेहुणे जिंकले. पण गोष्ट पुढे चालू राहते. जून २०१९ च्या सुरुवातीला निफ्टी १२,००० च्या वर होता, डिसेंबरअखेरही तिथेच. ऑक्टोबरच्या पडझडीत जो बाहेर गेला, त्याला परत कधी आत यायचं हे ब्रेड्थने, म्हणजे तेजीत किती शेअर सामील आहेत याच्या या मोजमापांनी, सांगितलं नाही, कारण ब्रेड्थ त्या सगळ्या काळात वाईटच होती. कॅलेंडर वर्ष २०१८ मध्ये निफ्टी ३ टक्के वाढला आणि २०१९ मध्ये १२ टक्के. निफ्टी स्मॉलकॅप १०० त्याच दोन वर्षांत आधी साधारण २९ आणि मग साडेनऊ टक्के पडला. निफ्टीतल्या १०० रुपयांचे ११५ झाले, स्मॉलकॅपमधल्या १०० चे ६४ उरले. लाभांश यात धरलेला नाही.

या आकड्यांपाशी जरा थांबा. ब्रेड्थचा इशारा खरा होता, पण त्याचा मार चढणाऱ्या निर्देशांकाला कमी बसला आणि खालच्या शेअरना जास्त. "तेजी पोकळ आहे, म्हणजे निर्देशांक कोसळणार" हे मेहुण्यांचं गृहीतक तिथेच डळमळतं. कधी निर्देशांक कोसळतो, पण केव्हा, ते ब्रेड्थ सांगत नाही. न्यूयॉर्क बाजारात वाढलेल्या आणि पडलेल्या शेअरची बेरीज-वजाबाकी दाखवणारी रेघ एप्रिल १९९८ मध्ये शिखरावरून वळली आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी ५०० मार्च २००० मध्ये. मध्ये जवळजवळ दोन वर्षं. एवढा वेळ रोख पैसा घेऊन बसायची तयारी मेहुण्यांची तरी आहे का, विचारून बघा.

मुलाच्या म्हणण्यात वेगळी अडचण आहे. ऑगस्ट २०१८ ला ज्यांनी पडलेलं विकून निफ्टी घेतला, त्यांना डिसेंबर २०१९ पर्यंत चार टक्क्यांच्या आसपासच मिळाले. सोळा महिन्यांत बचत खात्याएवढं. तरी स्मॉलकॅप धरून बसलेल्यांपेक्षा ते बरे राहिले, हे मान्य करायला हवं. २०२० आणि २०२१ मध्ये स्मॉलकॅप १०० अनुक्रमे साधारण २१ आणि ५९ टक्के वाढला, त्या ६४ चे १२४ झाले. तोवर निफ्टीतल्या ११५ चे १६५ झाले होते. म्हणजे मुलाचा अंदाज त्या वेळेपुरता चुकीचा ठरला नसता. पण तो निर्देशांक घ्यायचं म्हणत नाहीये, "तेच चार-पाच शेअर" म्हणतोय, आणि तेही सगळ्यांना दिसून चुकल्यानंतर. १७ जानेवारी २०२४ चा दिवस आठवा. चार शेअरमध्ये सगळं खातं असेल आणि त्यातला एक आठ टक्के पडला, तर त्या एकामुळे निफ्टीचा साधारण एक टक्का जाईल, तुमचे दोन.

एक गोष्ट मुलाला जरूर बघू द्या: पुढे पळणाऱ्या कंपन्यांचा नफा वाढतोय की नुसता भाव. नफा भावाच्या बरोबरीने वाढत असेल आणि त्या पाच कंपन्या तीन-चार वेगळ्या क्षेत्रांतल्या असतील, तर चिंचोळी तेजीही बरीच टिकते. पाचही एकाच क्षेत्रातल्या असतील तर बाजाराची चर्चा सोडा, ती त्या क्षेत्राची गोष्ट आहे.

आता तुमच्या खात्याकडे. "निफ्टी वर आहे म्हणजे माझं खातंही वर हवं", हे तुम्ही न म्हणता धरलेलं आहे. तुमच्याकडे निफ्टी नाहीच. तुमची तुलना स्मॉलकॅप २५० शी करा. तो दहा टक्के खाली असेल आणि तुम्ही बारा, तर तुमची निवड ठीक आहे, वारंच उलटं आहे. तो दोन टक्के खाली आणि तुम्ही वीस, तर निवडीत गडबड आहे. तसं असेल तर एकेक शेअर काढून बघायचा. ज्याचा नफा दोन-तीन तिमाही घसरतोय, कर्ज वाढतंय आणि भाव वर्षाच्या नीचांकावर आहे, तो "परत घेतलेल्या भावाला आला की विकू" म्हणून ठेवू नका. छत्तीस टक्के पडलेल्या शेअरला मूळ भावाला यायला छप्पन्न टक्के वाढावं लागतं. असा तोटा विकून पक्का केला तर तो दीर्घकालीन असल्यास दुसऱ्या दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. तुमच्या सीएंना हे मार्चच्या आधी सांगा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नको.

ब्रेड्थ वाईट असताना मी नवीन पैसे टाकण्याचा वेग बदलतो, आहे ते सगळं बाहेर काढत नाही. नीचांकांची यादी लांबतेय आणि ४० टक्क्यांहून कमी शेअर सरासरीच्या वर आहेत, अशा काळात स्मॉलकॅपमध्ये एकरकमी काही घालू नये. म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू असेल तर ती चालू द्यावी, कारण पडत्या भावात जास्त युनिट मिळतात. सगळं उलटलं, म्हणजे नीचांक आटले आणि सरासरीच्या वरच्या शेअरचा आकडा दोन-तीन आठवडे वाढत राहिला, तर थांबवलेले पैसे चार-पाच हप्त्यांत घालावेत. हे सगळं शनिवारी अर्ध्या तासात बघून होतं. रोज बघितलं तर एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घ्यायचा मोह होतो, आणि एका दिवसाची ब्रेड्थ फारशी कामाची नसते.

मागाच्या पैशांचा प्रश्न मात्र या सगळ्याच्या बाहेरचा आहे, आणि तुमच्या पत्रातला तोच सगळ्यात निकडीचा वाटला. पुढच्या वर्षी ज्या रकमेचा चेक लिहायचाय, ती रक्कम स्मॉलकॅपमध्ये असायला नको, मग ब्रेड्थ चांगली असो की वाईट. २०१८ च्या सुरुवातीला कुणी असे मागाचे पैसे स्मॉलकॅपमध्ये ठेवले असते तर वर्षअखेर १०० चे ७१ हातात आले असते, आणि माग विकणाऱ्याने कोटेशन त्यासाठी कमी केलं नसतं. मागाच्या कर्जात तुम्हाला स्वतः घालायची रक्कम, म्हणजे मार्जिन, बँकेकडून पक्की करून घ्या. तेवढी रक्कम पुढच्या दोन-तीन महिन्यांत सारख्या हप्त्यांत बाहेर काढा, आधी ते शेअर जे वरच्या कसोटीत नापास झालेत, आणि ती मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. उरलेल्या पैशांबद्दल मेहुणे आणि मुलगा यांच्याशी बोलायला तुमच्याकडे मग भरपूर वेळ असेल. पुढच्या पत्रात स्मॉलकॅप २५० च्या तुलनेत तुमचं खातं कुठे आहे तेवढं लिहा, म्हणजे निवडीबद्दल नेमकं बोलता येईल.